सीडी ३.६९ आला, मग एकशेवीस लिहू की एकशेसाठ?

*नमस्कार मॅडम, मी एमएस्सी अॅग्रोनॉमीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बागायती गव्हावर नत्राचे सहा डोस, हेक्टरी ०, ४०, ८०, १२०, १६०, २०० किलो, चार रेप्लिकेशन, आरबीडी. उत्पादन अनुक्रमे २१.५, २९.०, ३६.४, ४०.४, ४२.० आणि ४०.७ क्विंटल आलं. टेबल एक्सेलवर काढलंय पण ते वाचायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही, एफवर स्टार आहे का तेवढं बघ म्हणतात. १६० ला उत्पादन सगळ्यात जास्त, पण १२० त्याच्याशी अॅट पार येतो, मग शिफारस कुठल्याची करू? आणि हजार दाण्यांच्या वजनात एफ १.७५ म्हणजे एनएस आहे, पण शून्याला ३७.५ ग्रॅम आणि २०० ला ४०.२, सीडी काढून बघितला तर २.१३, म्हणजे फरक सीडीपेक्षा जास्त! हा काय प्रकार आहे? मधल्या डोसांचं वजन ३८.४, ३९.१, ३९.४, ३९.४ आहे. उत्पादनाचं टेबल खाली देतोय.*

| घटक | डीएफ | एसएस | एमएस | एफ | टेबल एफ (५%) |
|---|---|---|---|---|---|
| रेप्लिकेशन | ३ | ७२.०० | २४.०० | ४.०० | ३.२९ |
| ट्रीटमेंट | ५ | १३२३.४४ | २६४.६९ | ४४.११ | २.९० |
| एरर | १५ | ९०.०० | ६.०० | | |
| एकूण | २३ | १४८५.४४ | | | |

अरे, सगळ्यात आधी एक काम कर, एफचा कॉलम हाताने झाक आणि एररच्या ओळीतल्या ६.०० वर बोट ठेव. सगळं टेबल त्या एका आकड्यावर उभं आहे आणि नेमकं तिथेच कुणी बघत नाही, कारण तिथे स्टार नसतो.

हा ६ कुठून आला ते एका वाफ्यावरून सांगते. तुझ्या टेबलात रेप्लिकेशनचा एफ ४ आलाय, टेबल एफ ३.२९, म्हणजे चार ब्लॉक सारखे नाहीत. समज पहिला ब्लॉक पाटाला लागून आहे आणि त्याची सरासरी ३८, बाकी तिघांची ३४ (माझ्या मनाने घेतलेत, पण ७२ चा एसएस असाच येतो बघ). आख्ख्या शेताची सरासरी ३५, म्हणजे पहिल्या ब्लॉकमधे असणं हेच ३ क्विंटलचं. मग १२० किलोच्या डोसची सरासरी ४०.४, त्यात ब्लॉकचे ३ मिळवले की पहिल्या ब्लॉकमधल्या त्या वाफ्यातून ४३.४ यायला पाहिजे होते, आणि तू मळणी करून तोललंस तेव्हा आले समज ४५.१. हे वरचे १.७ कुठले? डोसचे नाहीत, ब्लॉकचे नाहीत. कुठे उगवण दाट झाली असेल, कुठे मागच्या पिकाचं शेणखत जरा जास्त पडलं असेल, कुठे तोलताना चूक. चोवीसच्या चोवीस वाफ्यांचे असे उरलेले तुकडे घेऊन त्यांचे वर्ग केले, बेरीज केली की ९०, आणि १५ ने भागलं की ६. त्याचं वर्गमूळ २.४५, म्हणजे डोस तोच, ब्लॉक तोच असला तरी तुझ्या शेतातला एखादा वाफा साधारण अडीच क्विंटल इकडेतिकडे सहज होतो. सरासरी ३५ च्या मानाने हे ७ टक्के, यालाच सीव्ही म्हणतात, आणि शेतातल्या प्रयोगाला ७ म्हणजे छानच काम झालंय.

आता एफ बघ. ट्रीटमेंटचा एमएस २६४.६९, भागिले ६, झाले ४४. म्हणजे सहा डोसांच्या सरासऱ्या एकमेकींपासून जेवढ्या पांगल्यात ते पांगणं नुसत्या वाफ्यावाफ्यातल्या फरकाने जेवढं झालं असतं त्याच्या ४४ पट आहे. बास, एफ एवढंच सांगतो. कुठला डोस कुठल्यापेक्षा चांगला ते तो सांगत नाही, आणि खरं म्हणजे या ४४ मधे फार काही बातमी पण नाही, कारण शून्य नत्राचा गहू आणि १६० किलोचा गहू सारखे येणार नाहीत हे बांधावरून जाणाराही सांगेल.

ब्लॉकची ओळ वाया गेली असं समजू नकोस बरं का. तेच ७२ वेगळे काढले नसते, म्हणजे हाच डेटा सीआरडी धरून केला असता, तर ते एररमधे जाऊन बसले असते, एरर १६२ भागिले १८ म्हणजे ९ झाला असता, आणि सीडी ३.६९ च्या जागी ४.४६. मग ८० आणि १२० मधला ४ क्विंटलचा फरक, जो आत्ता तुला सिग्निफिकंट दिसतोय, तो गायब! त्यामुळे थिसिसमधे ब्लॉक कसे पाडले होते, कुठल्या बाजूने उतार, पाट कुठे, हे दोन ओळीत तरी लिही.

(एक्सेलमधे आरबीडीला `Anova: Two-Factor Without Replication` निवडावं लागतं, तू बहुतेक तेच केलंयस कारण डीएफ बरोबर आहेत. चार रेप्लिकेशन आहेत म्हणून पोरं `With Replication` वर क्लिक करतात आणि मग काहीतरी भलतंच हातात येतं.)

आता सीडी, ज्याला पुस्तकात एलएसडी पण म्हणतात, गोष्ट एकच.

```
LSD = t × sqrt(2 × EMS / r)
    = 2.131 × sqrt(2 × 6 / 4)
    = 3.69
```

एका वाफ्याचं हलणं ६, चार वाफ्यांची सरासरी घेतली म्हणून ४ ने भागलं, १.५, वर्गमूळ १.२२, हा तुझा एसई(एम). पण तू एक सरासरी बघत नाहीयेस, दोघींमधला फरक बघतोयस आणि दोघीही हलतायत, म्हणून आत तो २ येतो आणि १.२२ चे १.७३ होतात. २.१३१ हा टी, १५ डीएफचा, पाच टक्क्याचा, दोन्ही बाजूंचा. एक्सेलमधे `=T.INV.2T(0.05,15)`, नुसतं `=T.INV(0.05,15)` टाकलंस तर उणे १.७५३ येतं, ते नको.

तो २ विसरण्याचा मान माझ्याकडे पण आहे. माझ्या स्वतःच्या थिसिसमधे मी सगळे सीडी नुसत्या एसई(एम) ला टी ने गुणून काढले होते, टाईप होऊन बाइंडिंग होऊन आलं, आणि व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलंच टेबल उघडलं, मनातल्या मनात सीडीला एसई(एम) ने भागलं आणि म्हणाले मॅडम तुमचं उत्तर दोनच्या आसपास येतंय, तीन यायला पाहिजे. मला आधी कळेच ना. मग घरी जाऊन बघते तर टी साधारण २.१, गुणिले दोनाचं वर्गमूळ १.४१, झाले तीन! तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी आधी तो भागाकार करते. तुझा ३.६९ भागिले १.२२, तीन, बरोबर. कुठे दोन दिसला तर समजायचं की तो २ राहिलाय आणि सीडी खोटा लहान झालाय, म्हणजे नसलेले फरक सिग्निफिकंट म्हणून छापलेत. डीएफ अगदीच कमी असतील तर गुणोत्तर तीनच्या बरंच वर जाईल, ते ठीक आहे.

आता तुझ्या हजार दाण्यांकडे येऊ. सहा ट्रीटमेंट म्हणजे जोड्या किती, पंधरा. सीडीचे पाच टक्के हे एका, आधीच ठरवलेल्या जोडीसाठी असतात. तू पंधराही जोड्या बघून त्यातली सगळ्यात लांबची उचललीस, ० आणि २००. समज सहाही डोस खरोखर सारखेच असते, नत्राने दाण्याच्या वजनाला काडीचाही फरक पडत नसता, तरी असे प्रयोग केले तर ढोबळमानाने तीनातल्या एका प्रयोगात निदान एक जोडी तरी सीडी ओलांडून जातेच. वर्गातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी पोरं शेजारी उभी करून वर्गात उंचीचा केवढा फरक म्हणण्यासारखं आहे ते. म्हणून फिशरचा नियम असा की आधी एफ बघायचा, तो सिग्निफिकंट असेल तरच सीडी काढून जोड्या बघायच्या, नाहीतर सीडीच्या जागी एनएस लिहून गप्प बसायचं. तुझ्या केसमधे एफ १.७५, लागतो २.९०, म्हणजे जोड्यांच्या तुलनेला दार बंद. ० आणि २०० वेगळे आहेत असं सीडीच्या जोरावर लिहू नकोस.

पण थांब, हे इथे संपत नाही, कारण तुझ्या ट्रीटमेंट सहा वेगवेगळे वाण नाहीत, एकाच गोष्टीचे चढते डोस आहेत! ३७.५, ३८.४, ३९.१, ३९.४, ३९.४, ४०.२. वाचून बघ मोठ्याने. एकदा तरी खाली आलेत का? ट्रीटमेंटचा एफ हे बघतच नाही, तू डोस उलटसुलट क्रमाने लिहिलेस तरी त्याचं उत्तर १.७५ च. तो तुझ्या चढाचा सगळा जोर पाच डीएफमधे वाटून टाकतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं येतं.

त्यापेक्षा असं कर, डोसांना क्रमाने -५, -३, -१, १, ३, ५ हे गुणक लाव, प्रत्येक सरासरीला तिच्या गुणकाने गुण आणि बेरीज घे. दाण्यांच्या वजनाला ती १६.८ येते. तिचा वर्ग, गुणिले ४ रेप्लिकेशन, भागिले ७० (गुणकांच्या वर्गांची बेरीज), आले १६.१३. तुझा ट्रीटमेंटचा आख्खा एसएस आहे १७.५२, त्यातले १६.१३ एका सरळ चढाने खाल्ले आणि उरलेल्या चार डीएफमधे मिळून दीडसुद्धा राहिला नाही. तुझ्या २.१३ च्या सीडीवरून एरर एमएस २.० निघतो, तो धरून या एका डीएफचा एफ ८.०६, आणि टेबलात १ आणि १५ डीएफला पाहिजे ४.५४. म्हणजे नत्र वाढलं तसं दाण्याचं वजन वाढलं हे म्हणता येतं, आणि हे जोड्या चाळून शोधलेलं नाही, चढते डोस घेतले तेव्हाच हा प्रश्न प्रयोगात आलेला होता, म्हणून इथे एकूण एफची परवानगी लागत नाही. मात्र डेटा बघून नंतर मनाला येतील ते गुणक लावलेस तर परत तीच सगळ्यात लांबच्या जोडीची चोरी होईल.

आता मोठा प्रश्न, एकशेवीस की एकशेसाठ. ४२.० वजा ४०.४, फरक १.६, सीडी ३.६९, म्हणून अॅट पार, म्हणून कमी खर्चाचा १२० शिफारस करा, हे वाक्य मी किमान शंभर थिसिसमधे वाचलं असेल. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसरा अर्धा त्याच्यातून निघत नाही. अॅट पार म्हणजे सारखे नव्हे रे. अॅट पार म्हणजे तुझ्या चार रेप्लिकेशनच्या तराजूला हा फरक तोलता आला नाही. किराणा दुकानाच्या काट्यावर सोन्याची अंगठी ठेवली आणि काटा हलला नाही म्हणून अंगठी बिनवजनाची होत नाही. १.६ मधे सीडी मिळव आणि वजा कर, खरा फरक १६० च्या बाजूने ५.३ क्विंटलपासून ते १२० च्या बाजूने २.१ क्विंटलपर्यंत कुठेही असू शकतो, तुझा प्रयोग एवढंच सांगतो.

आणि आता जरा पैशाचं बघ. १२० वरून १६० म्हणजे ४० किलो नत्र जास्त. युरियाची ४५ किलोची गोणी, त्यात ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नत्र, किंमत साधारण २६७ रुपये, म्हणजे दोन गोण्यांना थोडं कमी, ५१५ रुपयांच्या आसपास. गव्हाचा २०२५-२६ च्या रब्बी खरेदीचा हमीभाव क्विंटलला २४२५ होता. म्हणजे तो जास्तीचा युरिया वसूल व्हायला हेक्टरी फक्त २१ किलो गहू जास्त यायला पाहिजे! आणि तुझ्या सीडीला फरक दिसायला लागतात ३६९ किलो. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. सबसिडीचा युरिया स्वस्त आहे म्हणून हे असं होतं, महागडं विद्राव्य खत असतं तर वसुलीचा आकडा खूप वर गेला असता. खर्चाच्या गणितात सीडी बसवायचा नसतो.

मग काय करायचं, परत तेच, चढते डोस आहेत तर वक्र काढ. उत्पादनाला सरळ रेषेच्या गुणकांनी १३२३.४४ मधले ११०४.०६ मिळतात, आणि वाकण्याचे गुणक ५, -१, -४, -४, -१, ५ लावले (भागायला ८४) की २१५.०४. उरले ४.३४, तेही तीन डीएफमधे, म्हणजे एमएस १.४५, एररच्या ६ पेक्षा पण कमी. सहा डोसांची सगळी कहाणी आधी चढणाऱ्या आणि मग वाकणाऱ्या एकाच रेषेत मावली. एक्सेलमधे सहा सरासऱ्यांचा स्कॅटर काढून `Polynomial`, `Order 2` ची ट्रेंडलाइन टाकलीस की हेच येईल:

```
Y = 21.07 + 0.2493 N - 0.00075 N^2
```

याचं शिखर १६६ किलोला, उत्पादन ४१.८. शेवटचा किलो नत्र जिथे स्वतःपुरते पैसे सोडवतो तो डोस वरच्या भावाने १६३ च्या आसपास, म्हणजे शिखराला जवळजवळ चिकटूनच. १२० ला हा वक्र ४०.२ म्हणतो, १६० ला ४१.८, मधले दीड क्विंटल म्हणजे साधारण ३८०० रुपये, ५१५ घालून. पण माथा फार सपाट आहे हेही बघ, १४५ पासून १९० पर्यंत कुठेही उभा राहिलास तरी शिखरापासून अर्धा क्विंटलसुद्धा खाली नाहीस, त्यामुळे १६३ हा आकडा दगडावरची रेघ म्हणून छापू नकोस. चार रेप्लिकेशन, एक शेत, एक हंगाम, पुढच्या वर्षी थंडी कमी पडली तर हे शिखर वीस-तीस किलो सहज सरकेल.

थिसिसमधे मी काय लिहिलं असतं ते सांगते. १२० पर्यंतच्या प्रत्येक वाढीला उत्पादन सिग्निफिकंटली वाढलं (७.५, ७.४, ४.०, तिन्ही ३.६९ च्या वर). १२०, १६० आणि २०० मधला फरक या प्रयोगात ओळखता आला नाही. प्रतिसाद वक्राकार आहे, शिखर अंदाजे १६६ किलोला. आणि १२०:६०:४० ची जी शिफारस आहे तिच्यावर जायचं की नाही यासाठी आणखी हंगामांचा एकत्रित डेटा पाहिजे. गाईड म्हणतील अॅट पार शब्द कुठे गेला, तर ठेव तो शब्द, फक्त त्याच्यापुढचं 'म्हणून' काढून टाक.

आणि एक जाता जाता, हे टेबल जन्मलंच खताच्या प्रयोगातून. १९२३ मधे इंग्लंडात रोथॅमस्टेडला फिशर आणि मॅकेन्झी यांनी बटाट्याच्या वाणांवर खतांचा परिणाम बघताना ते पहिल्यांदा छापलं, आणि गंमत म्हणजे त्यात वाफ्यांची मांडणी लक्षात न घेता एकच एरर वापरला होता, तो फिशरने पुढे १९२५ मधे स्वतःच दुरुस्त केला. तेव्हा एररच्या ओळीत चुकणारा तू पहिला नसशील.

२०० च्या वाफ्यांचं उत्पादन १६० पेक्षा जरा उतरलंय, १.३ चा फरक सीडीच्या आतच आहे म्हणा, पण तिथे गहू लोळला होता का ते फील्ड बुकात बघ आणि कळव. चारही ब्लॉकमधे लोळला असेल तर तो डोसचा परिणाम आहे आणि तसा लिहायचा, फक्त पाटाजवळच्या एकाच वाफ्यात लोळला असेल तर त्या एका वाफ्याचा आकडा मला वेगळा पाठव, मग पुढचं बोलू.